छातीत गाठ, सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ३’. सुई टोचून घेऊ की सहा महिने थांबू? (सोलापूर)

भुईकोटची · सोमवार, रात्री ११.४०

वय २३, लग्न झालेलं नाही. नवी पेठेजवळ एका सीएंच्या ऑफिसात कामाला आहे. पंधरा दिवसांपूर्वी अंघोळ करताना साबणाचा हात फिरवला तर डाव्या बाजूला, वरच्या बाहेरच्या भागात गोटीसारखं काहीतरी लागलं. बोट ठेवलं की निसटतं, परत शोधावं लागतं. दुखत नाही. आईला सांगायला चार दिवस लावले. तिचा पहिला प्रश्न, ‘अजून कुणाला बोललीस का?’

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून सोनोग्राफीला पाठवलं. रिपोर्ट असा: डावीकडे घड्याळाच्या दोनच्या काट्यावर, निपलपासून ३ सेंमी लांब, २२ × १९ × १३ मिमीची अंडाकृती गाठ, कडा गुळगुळीत, त्वचेला समांतर आडवी, काखेत काही नाही. खाली ‘बायरॅड्स ३, बहुधा फायब्रोएडेनोमा’. म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा आकडा ३, आणि बहुधा कॅन्सर नसलेली साधी गाठ.

बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करू. बाबांच्या ओळखीचे सर्जन म्हणाले, एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणी, करून टाक, डोक्याची कटकट जाईल. आणि शेजारच्या काकू म्हणतात, सुई लागली की गाठ चिडते, तिचा कॅन्सर होतो. तिघांपैकी कुणाचं ऐकू? झोप लागत नाहीये म्हणून या वेळी लिहितेय.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री ११.५८

अगं, आधी पाणी पी. माझी गाठ १९ व्या वर्षी सापडली, आता मी ३१ ची. तेव्हा सुई टोचली होती, फायब्रोएडेनोमा निघाला. काढली नाही. माझ्या लग्नाला हजर होती, दोन बाळंतपणांना हजर होती. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात जरा फुगली होती, दूध सुटल्यावर परत बसली. नवरा तिला ‘मेव्हणी’ म्हणतो.

होटगीकर · मंगळवार, सकाळी ६.३०

हलते ना? दुखत नाही ना? मग शंभर टक्के फायब्रोएडेनोमा. आमच्या मेडिकल दुकानात अशा कितीतरी मुली येतात. सुईबिई काही नको, व्हिटॅमिन ई घ्या आणि चहा-कॉफी बंद करा. तीन महिन्यांत विरघळते.

काचपट्टी · मंगळवार, सकाळी ७.१०

होटगीकर, निम्मं बरोबर बोललात. या वयात हलणारी, गुळगुळीत, रबरासारखी गाठ बहुतेक वेळा फायब्रोएडेनोमाच असते. पण ‘दुखत नाही म्हणजे चांगली’ हे उलटं आहे. वाईट गाठीही सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत. दुखतात त्या सहसा पाळीआधीच्या गाठी, झटपट भरलेल्या पाण्याच्या गाठी, नाहीतर पू झालेल्या. दुखण्यावरून कौल लावू नये. व्हिटॅमिन ईने फायब्रोएडेनोमा विरघळलेला मी तरी पाहिला नाही. काही गाठी आपल्या आपण आक्रसतात, आणि मग जी गोळी चालू असते तिला श्रेय मिळतं.

मी पॅथॉलॉजिस्ट, आता निवृत्त. आयुष्य काचपट्टीवरच्या पेशी बघण्यात गेलं, म्हणून हे नाव. भुईकोटची, तू विचारलंस ‘सुई की थांबणं’. त्याआधी एक बघ. अशा गाठीचा निकाल तीन ठिकाणांहून येतो: डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी आणि सुई. एकेकटं कुणीच पुरेसं नाही. तिघं एकच सांगत असतील तर निर्धास्त राहायचं. एकाचं जरी वेगळं आलं, तर जो वाईट सांगतोय त्याचं ऐकायचं. तुझ्याकडे दोघांचं आलंय. तिसऱ्याची गरज आहे का, एवढाच खरा प्रश्न.

त्यासाठी चार गोष्टी सांग. गाठ सापडल्यापासून वाढली का? बाईंनी कसं तपासलं, बसवून की झोपवून? पाळीच्या कितव्या दिवशी? आणि घरात कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर?

चादरवाला · मंगळवार, सकाळी ९.०२

माझ्या दंडावर पण अशीच हलणारी गाठ आहे, आठ वर्षं झाली. लिंबाएवढी. मीपण सोनोग्राफी करू का?

शेंगाचटणी · मंगळवार, सकाळी ९.१०

चादरवाले दादा, धाग्याचं नाव परत एकदा वाचा बरं.

चादरवाला · मंगळवार, सकाळी ९.१५

अरे देवा. ‘छातीत’ पुढचं वाचलंच नाही. माफ करा ताई. (पण गाठ खरंच आहे बे.)

पूर्वभागातली · मंगळवार, दुपारी १.२५

माझं थोडं वेगळं आहे. वय २७. पाळीच्या आठ दिवस आधी दोन्हीकडे जड होतं, हात लावला की साबुदाण्यासारखं खरखरीत लागतं, काखेकडे जास्त. पाळी आली की जातं. हे पण असलंच का? सासू म्हणते, थंडीमुळे होतं. आमच्या सोलापुरात थंडी कुठली?

काचपट्टी · मंगळवार, दुपारी २.४०

पूर्वभागातली, तुझं गाठीचं नाही, गाठाळपणाचं आहे. हार्मोन चढले की स्तनातलं पाणी आणि ऊतक फुगतं, उतरले की बसतं. एकच ठळक गाठ, जिच्याभोवती बोट फिरवता येतं, ती वेगळी. फरक हाताला कळतो, पण पाळीआधी तपासलं तर चांगल्या डॉक्टरचाही हात फसतो. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी तपासून घे. तेव्हाही तीच जागा तशीच ठळक लागली, तर सोनोग्राफी.

तपासताना बाईला आडवं झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला लावतात, म्हणजे स्तन पसरून पातळ होतो आणि गाठ बरगडीवर दाबून बघता येते. तीन बोटांच्या आतल्या मऊ भागाने, टोकांनी नव्हे. मग काख, मग गळ्याच्या हाडाच्या वर. हे न करता वरून एकदा चाचपून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांचा हात मी मोजत नाही.

भुईकोटची · मंगळवार, रात्री १०.२०

काचपट्टी मॅडम, वाढली असं वाटत नाही, पण मी दिवसातून दहा वेळा चाचपते त्यामुळे काही कळत नाही. बाईंनी झोपवून, हात वर घेऊन, काखेतही बघितलं. पाळीचा नववा दिवस होता. बाईंनी विचारलं होतं, ‘आईकडे, मावशीला, आजीला?’ तिकडे कुणाला नाही. मी नाही सांगितलं.

आई वेगळ्याच चिंतेत आहे. दिवाळीनंतर स्थळं बघायची आहेत. ती म्हणते, गुपचूप काढून टाकू. मावशी म्हणते, टाक्याची खूण दिसली तर काय सांगणार?

विजापूरवेस · मंगळवार, रात्री ११.०५

घाबरवायचं नाही, पण सांगते. माझ्या नणंदेची गाठ २६ व्या वर्षी सापडली, अडीच सेंमीची. एफएनएसी झाली, रिपोर्ट ‘फायब्रोएडेनोमा’. सगळे निवांत. पाच महिन्यांत ती लिंबाएवढी झाली, ब्लाउजमधून फुगवटा दिसायला लागला. परत दाखवलं तर पाच सेंमी. ऑपरेशन करून काढली तेव्हा फायलॉइड्स ट्यूमर म्हणून आलं, म्हणजे फायब्रोएडेनोमासारखी दिसणारी पण भराभर वाढणारी गाठ. तीही मधल्या दर्जाची, ना अगदी साधी ना पुरता कॅन्सर. कडेला गाठीचा अंश राहिला असावा म्हणून महिनाभरात परत टेबलावर घेतली. आज चार वर्षं झाली, ठणठणीत आहे. पण आम्हाला अजून कळलेलं नाही, पहिल्या सुईत का नाही कळलं? चुकलं कुणाचं?

काचपट्टी · बुधवार, सकाळी ६.५५

विजापूरवेस, बहुधा कुणाचंच नाही, आणि हे ऐकायला कठीण जातं. मी अशा पट्ट्या वाचल्यात. एफएनएसीची सुई बारीक असते, इंजेक्शनचीच. ती गाठीत मागे-पुढे करून पेशी ओढल्या जातात आणि काचेवर पसरवल्या जातात. सुटलेल्या पेशी दिसतात, गाठीची बांधणी दिसत नाही. फायब्रोएडेनोमात काचेवर हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेले पेशींचे झुबके दिसतात, आजूबाजूला उघड्या केंद्रकांचे ठिपके. फायलॉइड्सची पट्टीही जवळपास तशीच दिसते. फरक गाठीच्या धाग्याच्या भागात, म्हणजे त्यात पेशी किती दाटल्यात, विभाजन किती चाललंय, यात असतो, आणि तो बारीक सुईत पुरेसा येत नाही. जाड सुईच्या तुकड्यातही कधीकधी ठरत नाही, पूर्ण गाठ काढल्यावरच कळतं.

तुमच्या नणंदेत सुईने नाही, वाढीने सांगितलं. म्हणूनच म्हटलं, जो वाईट सांगतोय त्याचं ऐकायचं. कागदावर फायब्रोएडेनोमा आणि पाच महिन्यांत दुप्पट, हे जुळत नाही. जुळलं नाही की पुढे जायचं, कागद कितीही छान असो.

शेंगाचटणी · बुधवार, सकाळी ८.०५

मॅडम, माझ्या मेव्हणीला बारा वर्षांत कुणी परत सुई लावलेली नाही. लावायला हवी?

काचपट्टी · बुधवार, सकाळी ८.३०

तेव्हा जुळलं होतं, बारा वर्षं शांत आहे, बाळंतपणात फुगून बसलीही. मेव्हणीला राहू दे. पण आता तिशी ओलांडलीस, तर ‘ती आहेच’ म्हणून शेजारी नवीन काही आलं तर दुर्लक्ष करू नकोस. जुन्या गाठीच्या आडोशाला नवी लपते.

प्रोबवाला · बुधवार, दुपारी ३.३०

मी सोनोग्राफी करतो (रेडिओलॉजिस्ट आहे, सोलापुरातच). दोन गोष्टी.

एक: सुई टोचायची असेल तर सोनोग्राफी आधी, सुई नंतर. उलटं झालेलं आठवड्यातून एकदा तरी बघतो. ओपीडीत हाताने धरून सुई मारतात, आत रक्त साकळतं, आणि मग पेशंट माझ्याकडे येतो. त्या रक्ताने गाठीच्या कडा अस्पष्ट, वेड्यावाकड्या दिसतात. चांगली गाठ वाईट दिसते, आणि मला निष्कारण वरचा आकडा टाकावा लागतो. तसं झालंच तर दोनेक आठवडे थांबून परत बघावं.

दोन: या वयात मॅमोग्राम का नाही, असं बरेच विचारतात. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्रामवर तो पांढरा, गाठही पांढरी. पावसाळी आभाळात कापूस शोधल्यासारखं. सोनोग्राफीत गाठ पाण्याची की भरीव, हे तर लगेच कळतं. पाण्याची असेल तर काळीभोर आणि मागे उजेड पडलेला. पण पाण्याच्या गाठी जास्त करून पस्तिशीनंतर.

भुईकोटची, तुझ्या रिपोर्टमधला ‘१३’ महत्त्वाचा. २२ रुंद, १३ खोल, म्हणजे गाठ आडवी पहुडलीय. शेजारच्या थरांना न फाडता, त्यांच्या मधे वाढणारी गाठ अशी आडवी होते. उभी असती, खोली रुंदीपेक्षा जास्त असती, तर मी ३ लिहिलंच नसतं. ३ म्हणजे वाईट निघायची शक्यता २ टक्क्यांच्या आत. म्हणूनच ‘सहा महिन्यांनी या’ हे टाळाटाळीचं उत्तर नाही. साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी बघतात. तोवर मोजमाप स्थिर राहिलं तर आकडा २ वर, म्हणजे ‘चांगली गाठ’वर आणतात. सहा महिन्यांत २० टक्क्यांहून जास्त वाढली तर सुई. तुझ्या हिशेबात २२ ची साधारण २७ झाली तर.

होटगीकर · बुधवार, रात्री ९.१०

२ टक्के म्हणजे पन्नासात एक! मग थांबायचं कशाला? सरळ काढून टाका.

प्रोबवाला · बुधवार, रात्री ९.४०

‘२ टक्क्यांच्या आत’ म्हटलं, २ टक्के नाही. आणि ती मर्यादा सगळ्या वयांसाठी आहे. २३ व्या वर्षी, अगदी ठरीव रूपाच्या गाठीला, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. इंग्लंडमध्ये तर २५ च्या आतल्या मुलीची ठरीव गाठ असेल तर सुई टोचतही नाहीत. सगळ्या काढायच्या ठरवल्या तर ४९ मुलींना टाका बसेल, आणि पुढे त्या जागी दूध येण्याच्या नळ्या कापल्या गेल्या तर त्याचं वेगळं.

काचपट्टी · बुधवार, रात्री १०.१५

प्रोबवाले, रूपाबद्दल मी एक किंतु घालते. तरुण वयातले काही वेगवान कॅन्सर, विशेषतः बीआरसीए हे कॅन्सर रोखणारं जनुक बिघडलेल्या घरातले, सोनोग्राफीत गोल, गुळगुळीत दिसतात. फायब्रोएडेनोमाचं सोंग घेतात. अशा मुलीत नुसत्या गुळगुळीत कडेवर मी सहा महिने थांबणार नाही.

भुईकोटची, मी तुला एक प्रश्न अर्धवट विचारला, माझी चूक. ‘घरात’ म्हणजे वडिलांकडेही. आत्या, आजी, वडिलांच्या चुलत बहिणी. पुरुषांतही कुणाला?

भुईकोटची · बुधवार, रात्री ११.५०

आत्याला.

बाबांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला ३६ व्या वर्षी झाला होता. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात उपचार झाले. आता ४९ ची, अक्कलकोटला असते, तब्येत चांगली आहे. बाईंनी ‘आईकडे’ विचारलं म्हणून मी ‘नाही’ म्हणाले. हे आईकडूनच येतं असं मला वाटायचं. आईलाही तसंच वाटतं. ती म्हणाली, आत्याचं आपल्या अंगात कुठलं येणार?

काचपट्टी · गुरुवार, सकाळी ६.४०

येऊ शकतं. ते जनुक आईबापांपैकी कुणाकडूनही येतं, निम्म्या शक्यतेने. वडील वाहक असतील आणि त्यांना आयुष्यभर काही होणारही नाही. वडिलांकडचा इतिहास निसटणं ही अगदी रोजची चूक, आणि प्रश्न विचारणाऱ्याची जास्त.

एका आत्यावरून तुझ्यात जनुक आहे असं मुळीच ठरत नाही. तुझी गाठ अजूनही फायब्रोएडेनोमाच असेल असंच मला वाटतं. पण आता तुझ्या बाबतीत मी सर्जनच्या बाजूची. सुई घ्यावी, आणि एफएनएसी नाही, कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे. तीसुद्धा सोनोग्राफीत बघत. तुझ्या बाईंना आत्याचं सांग. त्यांनी मुद्दाम चुकीचा सल्ला दिला नव्हता, अपुऱ्या माहितीवर बरोबर सल्ला दिला होता.

शेंगाचटणी · गुरुवार, सकाळी ७.२०

आणि काकूंच्या ‘सुई लागली की गाठ चिडते’चं काय? हे मलाही माझ्या वेळी ऐकवलं होतं.

प्रोबवाला · गुरुवार, सकाळी ८.००

सुईने चांगल्या गाठीचा कॅन्सर होत नाही. काकूंच्या ओळखीत बहुधा एखादीची गाठ आधीपासूनच वाईट होती. सुईने ते उघड केलं, आणि दोष सुईच्या माथी गेला. सुईने होतं ते म्हणजे काळंनिळं पडणं, दोन दिवस ठसठस, क्वचित पू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, बस.

अक्कलकोटरोड · गुरुवार, सकाळी ११.१५

थोडं विषयांतर. मी सिव्हिलमध्ये स्टाफ नर्स होते. तरुण बाईची गाठ म्हटलं की सगळे फायब्रोएडेनोमावर येतात, पण आपल्याकडे टीबी विसरू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला पू होऊन ताप येतो, चिरा दिला की बरं होतं, ते वेगळं. पण पाजत नाही, चिरा दिलेला भरत नाही, महिन्या-दीड महिन्याने बाजूला नवं तोंड फुटतं, काखेत गाठ येते, अशी बाई आली की आमच्या मॅडम पू आणि तुकडा दोन्ही टीबीच्या तपासणीला पाठवायच्या. सहा महिने अँटिबायोटिक बदलत बसलेल्या दोघीतिघी मी बघितल्यात. त्यातल्या एकीचं टीबी नव्हतंच, दुसऱ्या प्रकारची सूज निघाली. म्हणजे टीबीच्या गोळ्याही अंदाजाने चालू करू नयेत.

पूर्वभागातली · गुरुवार, दुपारी २.१०

माझ्या जावेला पाजताना गाठ झाली होती, सुई घातली तर दूधच आलं! गाठ जागेवर बसली. डॉक्टर म्हणाले, हीच तपासणी आणि हाच उपचार. आम्ही हसत घरी आलो.

भुईकोटची · बारा दिवसांनी, मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांनी वाट बघितली असेल. झालं.

बाईंना आत्याचं सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मी चुकीचं विचारलं. त्यांनीच कोअर बायोप्सी लिहून दिली.

आधी परत सोनोग्राफी झाली, २२ चे २२ च. मग त्या जागेवर पेनाने फुली मारली, थंड औषध पुसलं, आणि भूल दिली. ती टोचताना जळजळ झाली, दाताच्या डॉक्टरकडे होते तशी. त्यानंतर दुखलं नाही, फक्त दाब जाणवत होता. ब्लेडने इवलीशी चीर, तिळाएवढी. सुई मात्र मी बघायला नको होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, ‘आवाज मोठा होईल, दचकू नको.’ तरी दचकले. स्टेपलर मारल्यासारखा कट् आवाज, चार वेळा. दर वेळी पडद्यावर पांढरी रेघ गाठीतून आरपार गेलेली दिसायची, आणि ते म्हणायचे, ‘बघ, मधोमध.’ बाहेर आले ते शेवयांसारखे चार तुकडे, पांढरट. बाटलीतल्या पाण्यात टाकले (फॉर्मलिन होतं, पाणी नाही). तुकडे तळाशी गेले. डॉक्टर म्हणाले, चरबीचे असते तर तरंगले असते, हे भरीव आहेत, गाठीतलेच. दहा मिनिटं बाईंनी हाताने दाबून धरलं, पट्टी लावली, टाका नाही.

दुसऱ्या दिवशी जांभळा डाग पडला. आता पिवळा होतोय.

सातव्या दिवशी रिपोर्ट: फायब्रोएडेनोमा. फायलॉइड्सची लक्षणं नाहीत असंही लिहिलंय. तिघांचं जुळलं, मॅडम.

काचपट्टी · मंगळवार, रात्री ९.५५

तुकडे बुडाले हे बघितलंस, तेवढं माझ्या विद्यार्थ्यांनाही आठवत नाही. छान. आता ही गाठ काढायची गरज नाही. तीन सेंमीच्या पुढे गेली, भराभर वाढली, किंवा तुला मनातून नकोच असेल, तरच. तरी सहा महिन्यांची सोनोग्राफी सोडू नकोस.

होटगीकर · मंगळवार, रात्री १०.०५

म्हणजे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं तेच निघालं ना?

शेंगाचटणी · मंगळवार, रात्री १०.०७

लॉटरी लागली म्हणजे गणित येतं असं नाही, दादा.

विजापूरवेस · मंगळवार, रात्री १०.३०

स्थळांचं काय ठरलं?

भुईकोटची · मंगळवार, रात्री १०.५०

आईने अजून ठरवलेलं नाही. मी म्हटलं, गाठ काढली तर खूण राहणार, नाही काढली तर सोनोग्राफी राहणार, लपवून काय होणार. भांडण अर्ध्यावर आहे.

दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे. बाई म्हणतात, जनुकाची तपासणी आधी मी नाही, आत्याने करायची. सर्जन म्हणतात, आत्ता घाई नाही, तिशीनंतर बघू. प्रोबवाले, मॅडम, तुम्हाला काय वाटतं?

काचपट्टी · बुधवार, सकाळी ७.०५

आधी आत्या, यात मला शंका नाही. जिला आजार झाला तिच्यात बिघाड सापडला तरच तुझ्यात नेमकं काय शोधायचं ते कळतं. थेट तुझी तपासणी केली आणि ‘काही नाही’ आलं, तर तुला ते आलं नाही की घरातच नव्हतं, हे समजणार नाही. तिशीपर्यंत थांबण्याशी मात्र मी सहमत नाही.

प्रोबवाला · बुधवार, सकाळी ९.२०

मी सर्जनच्या थोडा जवळ. आत्याची तपासणी करावीच, पण भुईकोटचीने २३ व्या वर्षी निकाल घेऊन लगेच काय करायचं, हे आधी कुणाशी तरी बसून बोलायला हवं. तपासणी केलेली परत ‘न केलेली’ करता येत नाही.

भुईकोटची · रविवार, दुपारी ४.४५

काल अक्कलकोटला जाऊन आले. आत्याने धपाटे केले होते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘बार्शीला तेव्हाच एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, रक्त देतेस का म्हणून. तुझ्या आजोबांनी नको म्हटलं, पोरींची लग्नं व्हायची होती.’ मग आत गेली आणि लोखंडी कपाटातून २०१२ पासूनच्या फायली काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. बायोप्सीची मूळ पट्टी आणि मेणाचा ठोकळासुद्धा, एका कुंकवाच्या डबीत. मॅडम, तो ठोकळा अजून चालेल का?

काचपट्टी · रविवार, संध्याकाळी ६.१०

जपून ठेव, गाठीची उजळणी करायला उपयोगी पडेल. जनुकासाठी मात्र आत्याचं ताजं रक्त लागेल. ठोकळा उन्हात ठेवू नकोस, सोलापूरच्या उन्हात मेण वितळतं.

चादरवाला · रविवार, संध्याकाळी ६.३०

मॅडम, ते दंडावरचं...

काचपट्टी · रविवार, संध्याकाळी ६.४०

लिंबाएवढी म्हणालात ना? पाच सेंमीच्या आसपास असेल, वाढत असेल किंवा खोल, घट्ट लागत असेल, तर सर्जनला दाखवा. वेगळा धागा काढा.